नको असलेली एक ओळ

हे काम मला येतं. वीस वर्षं ऑफिसात प्रोग्रॅमिंगच करतोय. म्हणून दवाखान्याच्या मॅनेजरबाईंचा फोन आला तेव्हा मी घाबरलो नाही.

बायको फिजिओथेरपिस्ट होती. पेशंटना घरी व्यायाम करता यावा म्हणून ती सूचना स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून दवाखान्याच्या साइटवर टाकायची. आज संध्याकाळी सहाला ती साइट बंद होणार होती. मॅनेजरबाई म्हणाल्या, "मॅडमचं लॉगिन चालू ठेवलंय. हवं ते काढून घ्या."

घरात तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. फोनवर रेकॉर्ड करून ठेवावं असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

साइटवर रेकॉर्डिंग ऐकता येत होतं, उतरवून घ्यायचं, म्हणजे डाउनलोडचं बटण मात्र नव्हतं. ब्राउझर सर्व्हरकडे काय काय मागतो ते दाखवणारं नेटवर्क टॅब मी उघडलं आणि 'पुढचं पान' दाबलं. यादी मागणारी विनंती तिथे दिसली. तिच्यावर उजवं क्लिक केलं, 'कॉपी ॲज कर्ल' निवडलं आणि तीच विनंती ब्राउझरशिवाय पाठवणारी ती कर्लची कमांड टर्मिनलमध्ये चिकटवली. यादी आली. पण प्रत्येक पान मागायचं, प्रत्येक फाइल उतरवायची, तर पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिलेलाच बरा.

तेवढ्यात मेहुणी आली. तीही माझ्यासारखीच सॉफ्टवेअरवाली. बहिणीच्या खुर्चीवर बसायचं टाळून ती स्टूल ओढून बसली.

"दाजी, कर्लचं पायथॉन करून देणाऱ्या साइट आहेत की."

"त्या कमांडमध्ये तुझ्या ताईच्या लॉगिनची कुकी आहे. घराची किल्ली कोणी अनोळखी माणसाला देतं का?"

"बरं बाबा. लिहा हातानं."

मी लिहायला घेतलं. सगळे हेडर, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या सूचनांच्या ओळी, पायथॉनच्या एका डिक्शनरीत टाकले आणि विनंती पाठवणारं requests.get चालवलं. उत्तर आलं: ४०५, म्हणजे मागायची ही पद्धत चालत नाही.

"गेट कशाला?" ती म्हणाली.

"कमांडमध्ये पोस्ट कुठे लिहिलंय?"

"खाली डेटा-रॉ आहे ना? डेटा दिला की कर्ल आपणहून पोस्ट करतं. वीस वर्षं काय केलंत?"

"तुझी बडबड ऐकली."

get चं post केलं आणि तो डेटाही डिक्शनरी करून जोडला. आता ४००, म्हणजे विनंतीतच चूक. ही चूक मला स्वतःलाच दिसली. डिक्शनरी data= मध्ये दिली की ती फॉर्मसारखी जाते, आणि सर्व्हरला ती जेसन नावाच्या मांडणीत हवी होती. data च्या जागी json लिहिलं.

२००.

"झालं!" मी म्हणालो, आणि उत्तर छापलं. पडद्यावर नुसता कचरा आला. चौकोन, प्रश्नचिन्हं, कसलीतरी अक्षरं. उत्तर उलगडून देणाऱ्या response.json() नेही हात वर केले.

इथे मात्र मी घाबरलो. साडेपाच वाजून गेले होते.

"बिघडलंय," मी म्हणालो. "त्यांनी पुसायला सुरुवात केली असणार."

"काही बिघडलेलं नाही. मगाशी कर्लनं नीट दाखवलं ना? मग कर्लमध्ये आहे आणि तुमच्यात नाही असं काय ते बघा."

मी कमांड पुन्हा वाचली. शेवटी --compressed होतं, म्हणजे दाबून आलेलं उत्तर उघडून दाखव. ते मी सोडून दिलं होतं. आणि हेडरांमध्ये accept-encoding ची ओळ होती: gzip, deflate, br. ती मी जशीच्या तशी उचलली होती.

"br म्हणजे ब्रॉटली," मी म्हणालो.

"मग? सर्व्हरला सांगितलंत की ब्रॉटलीत दाबून पाठवलंस तरी चालेल. त्यानं पाठवलं. उघडायचं पॅकेज आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग ती ओळ काढा. requests ला जे उघडता येतं तेवढंच ते आपणहून मागतं."

मी काढली नाही लगेच. काही फेकायचं म्हटलं की हल्ली माझा हात अडतो. बाथरूममध्ये दोन ब्रश अजून आहेत.

तिनं ते ओळखलं असावं. आवाज हळू करून म्हणाली, "दाजी, ती ओळ ताईची नाही. ब्राउझरची आहे."

मी ओळ पुसली आणि पुन्हा चालवलं. यादी आली, स्वच्छ, वाचता येणारी: गुडघा, मान, खांदा, पाठ. मग लूप लावला. एकेक पान, एकेक फाइल. फोल्डर भरत गेलं. शेवटची फाइल आली तेव्हा सहाला अजून अवकाश होता. मी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढली, तिनं तिच्या लॅपटॉपवर.

"कुठलं लावू?" मी विचारलं.

"गुडघ्याचं. तुमचा दुखतो ना."

मी लावलं.

"खुर्चीत ताठ बसा," बायको म्हणाली. "टेकून नाही. हं. आता उजवा पाय सरळ करा. श्वास रोखू नका, कोणी पळवून नेत नाही तो."

मेहुणी हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. मग उठून बहिणीच्या खुर्चीत जाऊन बसली, ताठ. मीही खुर्चीला टेकलेली पाठ सरळ केली.

"आता डावा," बायको म्हणाली, आणि आम्ही दोघांनी डावा पाय सरळ केला.