जानेवारीचे नवे

अ‍ॅपवर जानेवारीत नव्याने आलेल्यांपैकी बासष्ट टक्के लोक मार्चमध्ये परतले, असं साहेब आठवडाभर मिरवत होते. डेटा टीममधल्या ताईंनी तो आकडा काढणारी क्वेरी, म्हणजे नोंदींतून माहिती शोधणारी आज्ञा, उघडली आणि त्यांचं डोकंच फिरलं. कुणीतरी आधी अ‍ॅपवरच्या भेटींच्या फक्त जानेवारीपासूनच्या नोंदी उचलल्या होत्या आणि मग त्यांतून प्रत्येकाची पहिली भेट शोधली होती. त्यामुळे वर्षानुवर्षांचे जुने लोकही जानेवारीचे नवे ठरले होते. ताईंनी प्रत्येकाची पहिली भेट सगळ्या नोंदींतून शोधली, मग जानेवारीवाले निवडले. मार्चमध्ये परतलेले निघाले जेमतेम एकोणीस टक्के.

"जुनाच आकडा राहू द्या," साहेब म्हणाले. "उद्या संचालकांपुढे माझं नाक कापलं जाईल."

"मी नाही ठेवणार."

"उगाच फाटे फोडू नका, ताई. कुणाला कळणार आहे?"

ताईंनी जुन्या क्वेरीतली नव्यांची यादी काढली आणि स्क्रीन साहेबांकडे वळवली. यादीत पहिलंच खातं साहेबांचं होतं, सहा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः उघडलेलं.

"खुशाल द्या बासष्ट," ताई म्हणाल्या. "फक्त संचालकांना हेही सांगा, की तुम्ही या जानेवारीतच आलात."