पोपटकाकांचा ण

फायलीत ‘ण’समोर पहिल्या आठवड्यात शून्य होतं आणि आजही शून्यच होतं.

वाचा-उपचाराच्या शेवटच्या वर्षाची दोन मुलं रुग्णालयाच्या थेरपीच्या खोलीत उजळणी करत बसली होती. उद्या तोंडी परीक्षा. अवधूत नारायण पेठेतला, नाजिमा कसब्यातली. परीक्षेत अवधूतला त्याचा रुग्ण मांडायचा होता. पोपटकाका, मार्केट यार्डातले हमाल. अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि वाचाही गेली. मग थोडी थोडी परत आली. आता सुधारणा दिसत नाही म्हणून थेरपी बंद करायची, असं विभागाच्या मॅडमचं ठरत आलं होतं. उद्या अवधूत बोलला की मॅडम सही करणार. काकांच्या जागी दुसरा कुणीतरी, कारण यादी लांब आहे.

“चाचणीत ण ची दहा चित्रं आहेत,” अवधूत म्हणाला. “पाणी, लोणी, बाण... दहाच्या दहा वेळा न. सब्स्टिट्यूशन. ध्येय क्रमांक एक: ण. इतक्या बैठका घेतल्या, तरी शून्य. मी तरी काय करू?”

“ती चूकच नसेल तर?”

“नाजिमा, उद्या परीक्षा आहे. क्रांती परवा कर.”

“ण आणि न हे वेगळे फोनीम आहेत कशावरून? सांग. उद्या विचारतील.”

“सन आणि सण. मन आणि मण.” अवधूतने बोटांवर मोजलं. “एक आवाज बदलला की शब्द बदलला. म्हणजे दोन फोनीम. बदलला नसता तर एकाच फोनीमची दोन रूपं, अॅलोफोन. पहिल्या वर्षाचं आहे हे. झालं समाधान?”

“शब्द कुणाचा बदलला?”

“म्हणजे?”

“तुझ्या तोंडात बदलला. काका दिवाळीलाही सनच म्हणतात आणि सालालाही सनच.”

“आत्ता म्हणतात! मेंदूला मार लागलाय त्यांच्या. आणि एक विसरतेस. त्यांना ण येतो. अंड्याचं कार्ड दाखवलं की ‘अंडं’ म्हणताना अनुस्वाराच्या जागी अस्सल ण काढतात, जीभ मागे वळवून. ‘घंटा’लाही. म्हणजे जमतंय, पण बाकी ठिकाणी सुटतंय. यालाच आजार म्हणतात.”

नाजिमा एकदम सरळ बसली.

“पुन्हा सांग. कुठे येतो?”

“अंडं, घंटा. ट, ड च्या आधी.”

“आणि कुठेच नाही?”

“नाही.”

“अरे, मग हेच तर! ड साठी जीभ मागे जायचीच असते, तिच्या आधीचा न सोबत जातो. बाकी सगळीकडे न. एक आवाज जिथे येतो तिथे दुसरा येत नाही. एकाच फोनीमची दोन रूपं. आमच्या घरी हेच आहे. अब्बू ‘अंडा’ म्हणतात तेव्हा ण येतो, ‘पानी’त येत नाही. मी ण शाळेत शिकले, बाईंच्या पट्टीखाली. माझ्या मेंदूला काही झालं नव्हतं.”

“ती तुमची दखनी. काका मराठी बोलतात.”

“कोणती? नारायण पेठेतली?”

अवधूत हरला नव्हता. तो हुशार होता, त्यात वाद नाही.

“ठीक आहे,” तो सावकाश म्हणाला. “पण झटक्यानंही नेमकं हेच होऊ शकतं. ड चा आधार मिळाला की जीभ जाते, नाही मिळाला की नाही जात. तुझा नियम आणि माझा आजार, दोन्ही सारखेच दिसतील. आत्ताच्या बोलण्यावरून ठरणारच नाही.”

“मान्य. मग कशावरून ठरेल?”

“झटक्याआधी ते कसे बोलत होते त्यावरून.”

“विचारलंस कधी?”

अवधूतने फाईल मिटली. विचारलं नव्हतं. मॅडमनी विचारलं नव्हतं, त्यांच्या आधीच्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं. दारू पिता का, बिडी ओढता का, सगळं विचारलं होतं. तुम्ही बोलत कसे होता, हे मात्र एकानेही नाही. चाचणी कुणाच्या तोंडावर बेतली तेही त्या कार्डांवर छापलेलं नव्हतं. हमालाच्या तोंडावर बेतली नव्हती, एवढं मात्र आंधळ्यालाही दिसलं असतं.

काकांच्या बैठकीची वेळ झाली. दार उघडलं. शैलाकाकू एकट्याच होत्या. त्यांनी घरी सरावाला दिलेला कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

“हे घ्या सर. त्ये नाय येनार आता.”

“का? बरं नाही का?”

“बरं हाय. पन बोलायचंच बंद क्येलंय. आधी तुटकं का हुईना, बोलत व्हते. आता पानी पायजे तरी नुसता हात करत्यात.” त्या अवधूतकडे न बघता म्हणाल्या, “तोंड उघडलं की चुकतंय म्हनत्यात.”

‘तोंड’ सोडलं, तर काकूंनी बोलताना एकही ण वापरला नव्हता. दोघांनीही ते ऐकलं.

“काकू,” नाजिमाने विचारलं, “काका आजारी पडायच्या आधीचा त्यांचा आवाज आहे का कुठे? मोबाईलमध्ये?”

होता. झटक्याच्या आधीच्या महिन्यातला. यार्डातून पाठवलेला, मागे टेम्पोचा हॉर्न. भरभर, दणदणीत, हसरा आवाज. अवधूतने तो माणूस पहिल्यांदाच ऐकला.

“शैले, पानी भरून ठेव, नळ जानार हाय. आन हे बघ, अंडी आनतोय, लोनी नको म्हनावं पोरीला, म्हाग झालंय!”

अवधूतने ते पुन्हा लावलं. पानी. जानार. आनतोय. लोनी. आणि मधोमध, ‘अंडी’त, जीभ मागे वळवून काढलेला अस्सल ण.

काकू पदराने डोळे पुसत होत्या. त्या ण साठी रडत नव्हत्या.

अवधूतने फाईल उघडली. ण ची चित्रं बाजूला काढून बाकी सगळं नव्याने मोजलं. पहिल्या आठवड्यात काकांना बहुतेक शब्द सुरूच करता येत नव्हते, ओठ नुसते चाचपडायचे. आता बहुतेक सुरू होत होते. माणूस सुधारत होता. त्याला रोज समोर बसवून, चुकतंय, चुकतंय म्हणत, उपचार करणाऱ्यांनीच गप्प केलं होतं.

दुसऱ्या दिवशी परीक्षेत त्याने ते तसंच मांडलं. आवाज ऐकवला. बाहेरून आलेले परीक्षक पुढे झुकले. मॅडम झुकल्या नाहीत.

“म्हणजे आपली बेसलाइनच चुकली म्हणतोयस?”

“हो मॅडम. त्यांच्या बोलीत ण आणि न एकच फोनीम आहे. आपण बोलीलाच आजार धरलं. खरा आजार सुधारतोय. थेरपी बंद करू नये.”

“हे तुला परीक्षेच्या आदल्या दिवशी सुचलं?”

“हो मॅडम. आधी सुचायला हवं होतं.”

मॅडमनी ध्येय क्रमांक एकवर आडवी रेघ मारली, खाली ‘थेरपी चालू ठेवावी’ लिहिलं आणि अवधूतकडे न बघता म्हणाल्या, “पुढचा.” मार्कांचं काय झालं असेल, ते त्याला दाराबाहेर पडायच्या आतच कळलं.

दुपारी दोघं मार्केट यार्डामागच्या वस्तीत गेले. पोपटकाका दारात खुर्ची टाकून बसले होते, निकामी हात मांडीवर. अवधूत त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

“काका, तुमचं काही चुकत नव्हतं. आमचं चुकलं. ती कार्डं बंद. या तुम्ही परत.”

काका बघत राहिले. ऊन होतं, बोलता बोलता अवधूतचा घसा सुकला.

“थोडं पाणी मिळेल का?” तो सवयीने म्हणाला.

पाणी. काकांची नजर झटकन त्याच्या ओठांवर गेली. त्यांनी तोंड उघडलं. जीभ मागे वळवायला लागले, मान ताठ झाली, कपाळाची शीर फुगली. थेरपीच्या खोलीत रोज करायचे तसं. शिकवलं होतं तसं.

“नको काका,” अवधूत म्हणाला. “नको.”

नाजिमा खाली वाकली. शाळेत पट्टी खाऊन शिकलेला ण तिने तिथेच ठेवला आणि घरी बोलते तशी बोलली.

“काका, पानी देता का?”

काकांचं तोंड मिटलं. मान सैल झाली. ओठ चाचपडले, थांबले, पुन्हा चाचपडले.

“द्... देतो की.” मग आत वळून, तुटक, पण मोठ्याने, “शैले. पानी आन.”