डावललेला फोन

मुलाखत उत्तम झाली होती, याविषयी फिटरच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. औषधांच्या गोळ्या पाकिटांत भरणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्याची ती जागा होती. विभागप्रमुख साहेब त्याला स्वतः फाटकापर्यंत सोडावयास आले होते आणि निरोप घेताना आपले कार्ड त्याच्या हाती देऊन म्हणाले होते, "काही असलं तर सरळ मला फोन करा. संकोच करू नका."

परंतु नेमणुकीच्या पत्राऐवजी भरतीचे काम पाहणाऱ्या बाईंचा फोन आला.

"मुख्य कचेरीनं सगळीच भरती गोठवली आहे हो," बाई म्हणाल्या. "तुमची जागा रद्द नाही झालेली, होल्डवर आहे. नवं बजेट मंजूर झालं की कळेल. मला अधूनमधून मेल टाकत राहा, म्हणजे तुम्ही अजून तयार आहात हे माझ्या ध्यानात राहील."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसून त्याने ही वार्ता वहिनीला सांगितली. मोठ्या भावाच्या घरी तो राहत असे. जुना कारखाना बंद पडल्यापासून त्या घरातील प्रत्येक घास त्याला जड जात होता.

"मग त्या साहेबांना लावा ना फोन, भावजी," वहिनी म्हणाली. "कार्ड काय पूजेला ठेवायचंय?"

"बाईंनी स्वतःकडेच मेल टाकायला सांगितलंय. त्यांना डावलून वर जाणं बरं दिसत नाही."

"तुम्ही आणि तुमचं बरं दिसणं! त्याचंच लोणचं घालून ठेवा एक दिवस."

त्याने मात्र बाईंनाच लिहिले. पहिल्या मेलला त्यांचे सविस्तर उत्तर आले. दुसऱ्यास केवळ 'अजून काही हालचाल नाही' एवढेच. त्यानंतर उत्तर येणे बंद झाले. तथापि त्याने आपला नेम सोडला नाही. बाई कामात असतील, अशी तो स्वतःची समजूत घालीत असे. दिवसा तो एका पंपदुरुस्तीच्या दुकानात मिळेल ते काम करी. दुकानाचा मालक कायम राहण्याविषयी विचारी, तेव्हा तो नम्रपणे सांगे, "माझं एका ठिकाणी अडकलंय, साहेब. थोडं थांबा." अखेर मालक थांबण्यास कंटाळला आणि त्याने दुसरा माणूस ठेवला.

तेव्हा मात्र वहिनीने त्याला जवळजवळ ढकलूनच कारखान्याकडे पाठविले.

फाटकावरील पहारेकऱ्याने बाईंचे वर्णन ऐकून मान हलविली. "त्या? त्यांना तर केव्हाच घरी बसवलं. भरतीच बंद, मग भरतीवाल्या बाई कशाला ठेवतील?"

फिटरने साहेबांना निरोप पाठविला. साहेब खाली आले. त्यांनी त्याला तत्काळ ओळखले, आणि त्या ओळखीनेच त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, कुठे होतात तुम्ही? भरती उघडली. गेल्या आठवड्यात माणूस रुजूसुद्धा झाला."

"मी दर महिन्याला लिहीत होतो, साहेब. बाईंना."

"बाईंना?" साहेब म्हणाले. "त्यांची मेलपेटी कुणी उघडलीच नसणार. मंजुरी नव्यानं घ्यावी लागली, जाहिरात पुन्हा निघाली, जुने अर्ज बाजूला पडले. मी तुमच्याबद्दल विचारलं होतं. भरतीचं काम बघणाऱ्या नव्या माणसानं सांगितलं, उमेदवाराकडून पुढे काही आलेलं नाही. मला वाटलं, तुम्हाला दुसरीकडे काम लागलं. माझं कार्ड होतं ना?"

"होतं."

"मग?"

फिटर आपल्या चपलांकडे पाहत राहिला. "त्यांना डावलल्यासारखं झालं असतं."

साहेबांना राग आला असता तर बरे झाले असते. ते हळू आवाजात म्हणाले, "तुमचा नंबर अर्जावर होता. मीही लावू शकलो असतो. तुम्हीच कराल म्हणून मी बसून राहिलो."

तो घरी आल्यावर वहिनीने त्याचा चेहरा पाहिला आणि तोंडाशी आलेला टोमणा गिळला. ताट वाढता वाढता एवढेच विचारले, "आणि त्या बाईंचं काय?"

"त्याही काम शोधत असतील."

जेवण झाल्यावर ताटाजवळ तिने त्याचा फोन आणि ते कार्ड आणून ठेवले. कार्डाच्या कडा खिशात राहून मऊ झाल्या होत्या. "आता कशाला?" असे तो पुटपुटला; परंतु ती तेथून हलली नाही.

त्याने आकडे दाबले. घंटा वाजू लागताच तो नकळत उठून उभा राहिला.

"हॅलो, कोण?"

"साहेब, सकाळी भेटलो तो फिटर. पुढे कधी जागा निघाली, तर मी तयार आहे. हे सांगायलाच फोन केला होता."

"बरं केलंत," साहेब म्हणाले. "सध्या तरी काही नाही. पण नंबर लिहून घेतो."

फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानी आले, की एवढे बोलावयास त्याला तीनच वाक्ये पुरली होती.