तळटीपेतलं झाड

झाडांच्या खोडात वर्षाला एक अशी वाढणारी वलयं मोजण्यात बुर्माकानबाईंची हयात गेली होती. किर्गिझस्तानातल्या बिश्केकच्या कॉलेजात शिकणाऱ्या आयतुर्गानने त्यांना पत्र लिहिलं होतं, "घरचे बँकेत लाग म्हणतात. निव्वळ कुतूहलापोटी संशोधन करण्यात अर्थ आहे का?"

बाईंनी ठसक्यात उत्तर लिहिलं, "आहे तर! आमच्या वलयांवरून धरणवाल्यांना जुने दुष्काळ कळले." आणि सहकारी सदिरबेकला ते वाचून दाखवलं.

चहा ओतता ओतता तो हसला. बाईंना तो 'एजे', म्हणजे ताई, म्हणायचा. "एजे, पोरगी कुतूहलाचं विचारतेय आणि तुम्ही धरण दाखवताय! तिचा शेवटचा प्रश्न वाचलात का?"

बाईंनी पत्र पुन्हा उघडलं. "दुष्काळात वलय हुकतं, हे कळलं. पण तुमच्या लेखाच्या तळटीपेतल्या आर्चा जातीच्या झाडाला भरपूर पावसाच्या एका वर्षीचंही वलय नाही. असं का?"

बाईंचे कान तापले. ते झाड हिशेबात बसेना, म्हणून त्यांनीच ते वगळलं होतं आणि पुन्हा कधी त्याची आठवणही काढली नव्हती. सदिरबेककडे बघायची त्यांना लाज वाटली. आधीचं उत्तर फाडून त्यांनी नवं लिहिलं:

"माहीत नाही. खोडाच्या दोन्ही बाजूंनी नमुने काढले, शेजारच्या झाडांशी वर्षं जुळवली, तरी ते वर्ष सापडलं नाही. धरणाला उपयोग नव्हता, म्हणून मी शोधणं सोडलं, याची आज लाज वाटते. उत्तर मिळेल, उपयोगी पडेल, पगार बरा असेल, यातलं काहीच मी सांगू शकत नाही. तरीही तो 'का' तुला स्वस्थ बसू देत नसेल, तर ये. झाड अजून उभं आहे."