तक्रार मिटल्याचं पत्र

बुरुलकाननं आभाराचं पत्र एमिलबेकच्या टेबलावर ठेवलं. तक्रार मिटली की अर्जदाराकडून असं पत्र घेऊनच फाइल बंद करायची, असा नगरपालिकेचा शिरस्ता. त्यासाठी या साहेबानं तिला आठवड्यात तीनदा फोन केला होता. थंडीभर तिनं केलेला एकही फोन मात्र त्याला उचलवला नव्हता.

त्यानं वाचायला घेतलं. “अठरा नोव्हेंबरच्या अर्जानुसार आमच्या खोलीला ऊब देणारे गरम पाण्याचे पाइप अकरा एप्रिलला सुरू झाले. आभारी आहोत. अर्जदार तोक्तोसुन, माझे यजमान, दोन फेब्रुवारीला त्याच खोलीत न्यूमोनियानं वारले, म्हणून खाली सही माझी.”

“एजे,” तो थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, “हे शेवटचं वाक्य कशाला? ही पत्रं वर राजधानीत, बिश्केकला जातात.”

“मग सही बायकोची का, हे त्यांना कसं कळणार?”

“पण पाइप तापले ना आता?”

“तापले की. आता दोन दिवसांनी थंडीचा हंगाम संपला म्हणून सगळ्या गावाचे बंद करालच.”

तिनं दुसरी प्रत पुढे सरकवली.

“हिच्यावर आवक नंबर घाला आणि शिक्का मारा. माझ्याकडे राहू दे.”

त्यानं नंबर घालून शिक्का मारला. मग नोंदवही ओढून ‘निकाल’च्या रकान्यात वळणदार अक्षरात एक ओळ लिहिली. समोरून उलटी दिसत असूनही तिला ती वाचता आली:

‘अर्जदाराची आता कोणतीही तक्रार नाही.’