‘पण’च्या पुढचं

कारखान्यात त्याला सगळे वकील म्हणायचे. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच त्याचा युक्तिवाद तयार असे. माणूस मनाने वाईट नव्हता, पण तोंडाला लगाम नव्हता.

देखभाल विभागातल्या इंजिनिअर बाईंनी त्याला हत्यारांच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. पत्रा दाबणाऱ्या दोन नंबरच्या प्रेसवर काम करताना तिथले जुने कामगार, मामा, यांचा हात चिरडला, त्याला आठवडाही झाला नव्हता. ती प्रेस सील होती. तिचं सगळं काम आता तीन नंबरवर आलं होतं, आणि तीन नंबरचा ब्रेकही तसाच झिजलेला. उद्याच्या मीटिंगमध्ये बाईंना ती बंद करून घ्यायची होती. त्यांचं बोलणं मध्येच कोणी तोडलं, तर मामांच्या जागी दुसरं कोणीतरी असणार होतं.

मामांचा विषय काढायचा नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. त्या हाताचा दगड करून याच्या डोक्यात घातला, तर हा ऐकणार काय, कोसळेल तरी किंवा भांडेल तरी.

“काल मी तेलगळतीचं सांगत होते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मध्येच उपाय सांगितलात. उपाय बरोबर होता. पण माझं दुसरं कारण राहून गेलं. उद्या माझं संपेपर्यंत थांबाल? मी ‘झालं’ म्हणेन, मग तुम्ही बोला.”

“मी तोडतो का एवढा?”

“हो. माझं काही चुकत असेल तर तेही सांगा.”

“तू फार लांबण लावतेस. साहेब घड्याळ बघायला लागतात, मग मला राहवत नाही. काय हवं ते आधी सांगत जा. कारणं मागून.”

“बरं. तसंच करते.”

काम फत्ते झालं होतं. बाई उठल्या. वकील मात्र बसूनच राहिला.

“दोन नंबरच्या मीटिंगच्या वेळी,” तो खाली बघत म्हणाला, “तू म्हणालीस, सेन्सर ठीक आहे, पण. मी म्हटलं, ठीक आहे ना, चला पुढे. त्या ‘पण’च्या पुढे काय होतं?”

खोटं बोलणं सोपं होतं.

“सेन्सर हात ओळखतो, पण ब्रेक उशिरा लागतो,” त्या म्हणाल्या. “मीही तुम्हाला थांबवलं नाही. म्हटलं, मीटिंगनंतर सांगू, आणि ते राहूनच गेलं.”

वकील उठला आणि दार उघडून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये बाईंनी सुरुवातच अशी केली, “तीन नंबर आजच बंद करा. सेन्सर ठीक आहे, पण...”

“सेन्सर ठीक आहे ना?” साहेबांनी घड्याळ बघितलं. “मग बंद कशाला?”

“साहेब,” वकील म्हणाला. “त्यांचं झालं नाहीये.”

बाईंनी वाक्य पुरं केलं. साहेबांनी प्रेस दुपारच्या आत बंद करायला सांगितलं. वाक्य तेच होतं, मामांच्या वेळचं.

“झालं,” बाई म्हणाल्या, आणि वकिलाकडे बघितलं. आता त्याची पाळी होती. तो मान खाली घालून आपल्या उजव्या हाताची बोटं बघत बसला होता.