भाड्याची बाग

वरातीपुढे मिरवायची कागदी बाग विकत घेतली तर ऐंशी रुपये, भाड्यानं आणली तर पंधरा. म्हणजे आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, पोराच्या वरातीत पासष्ट रुपये शिल्लक, आणि थाट तोच! कापसाच्या मंदीच्या त्या साली शिंदखेड्याच्या पितांबरला हा हिशेब फारच गोड लागला.

धुळ्याच्या रतिलालशेठनं अटी तोंडावरच ऐकवल्या. "तीस रुपये अनामत. बाग आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत, पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायचीय. झाड मोडलं, भिजलं, हरवलं तर किंमत अनामतीतून. पुरली नाही तर वरची रक्कम तुमची. माझा माणूस निंबा सोबत येईल. त्यानं नुकसान करणाऱ्याला अडवलं नाही, तर वरची त्याची."

बांबूच्या पाट्यांवर कागदाची कर्दळ, मेणात बुडवलेले गुलाब, हिरव्या कापडाची केळ. पितांबर खूश झाला. इतका, की व्याह्यानं, लोटन आबांनी, "भाऊ, बाग विकत लिधी का?" विचारल्यावर तो बोलून गेला, "मंग! रोख मोजीसन!"

इथंच तो फसला. विकत घेतलेली बाग नवरीच्या दारी लुटायची, ही रीत. भाड्याची असली तर आधीच हात जोडून सांगतात, लोक थोडं हसतात आणि सोडून देतात.

आखाजीला वरात नवरीच्या दारी टेकली. लोटन आबा मिशीला पीळ देत ओरडले, "लुटा रे, बठ्ठी लुटा, एक पान नका ठेवा!"

निंबा पाट्यांपुढे आडवा झाला. "आबा, बाग भाडानी शे! हात नका लावा!"

वाजंत्री थांबली. बायकांत खुसखुस झाली. नवरीकडची बेबाबाई म्हणून एक करवली होती, ती मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, नवरदेवनं पागोटं बी भाडानंच का?"

पितांबर पुढे सरसावला. त्यानं निंबाला दंडाला धरून बाजूला लोटलं. "प्यायेल शे हा. बाग मन्ही शे. लुटा!"

दोन मिनिटांत केळीचं पानही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पितांबर नुसत्या पाट्या घेऊन दुकानात गेला. वेळ मात्र चुकवली नाही. रतिलालशेठनं मालाची किंमत पंचेचाळीस धरली. जुना माल म्हणून.

"अनामत गेली. वर पंधरा. निंब्यानं अडवलं नव्हतं?"

निंबा कोपऱ्यात पाट्या रचत होता. त्याचे हात थांबले. पितांबरनं त्याच्याकडे बघितलं नाही, टांगलेल्या झुंबराकडे बघितलं. अडवलं होतं म्हणावं, तर भर वरातीत आपण काय बोललो तेही सांगावं लागणार.

"नाही," तो म्हणाला.

निंबा पुन्हा पाट्या रचू लागला, हे पितांबरला शिवीपेक्षा जास्त लागलं. परतीच्या वाटेवर चार ठिकाणी लोकांनी बाग काय झकास होती म्हणून वाखाणली, आणि चारी ठिकाणी त्यानं मान खाली घातली.

भाडं पंधरा आणि अनामत तीस, हे पितांबरचे गेले. लोटन आबांचं काहीच गेलं नाही. वरचे पंधरा निंबाच्या पगारातून गेले, दोन महिने.